उद्दिष्टाआधी रिकामा तक्ता: ग्राहकविषयक संशोधन आराखड्यात उद्दिष्टे आणि परिकल्पना कशा लिहाव्यात

पदव्युत्तर वाणिज्य किंवा व्यवस्थापन शाखेतील विद्यार्थी ग्राहकविषयक प्रकल्पाचा आराखडा घेऊन येतो, तेव्हा त्याचा पहिला खर्डा बहुधा पुढीलप्रमाणे असतो.

विषय: पुणे शहरातील ग्राहकांच्या सोने खरेदीविषयक जागरूकतेचा अभ्यास.
उद्दिष्टे: (१) हॉलमार्कची संकल्पना समजून घेणे. (२) ग्राहकांच्या जागरूकतेचा अभ्यास करणे. (३) हॉलमार्कचा ग्राहकांवर होणारा परिणाम अभ्यासणे. (४) उपाययोजना सुचवणे.
परिकल्पना: ग्राहकांमध्ये हॉलमार्कविषयी जागरूकता कमी आहे.
संशोधन पद्धती: प्रश्नावली. नमुना: १०० ग्राहक. विश्लेषण: टक्केवारी, सरासरी, काय-स्क्वेअर चाचणी.

या खर्ड्यातले एकही वाक्य चुकीचे म्हणता येत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. ‘सोने’ आणि ‘हॉलमार्क’ या शब्दांच्या जागी ‘विमा’ आणि ‘पॉलिसी’ किंवा ‘सेंद्रिय भाजीपाला’ आणि ‘प्रमाणपत्र’ घातले, तरी आराखडा जसाच्या तसा चालतो. उद्दिष्टांचा प्रश्नावलीशी आणि प्रश्नावलीचा काय-स्क्वेअर चाचणीशी काय संबंध आहे, हे त्यात कुठेही दिसत नाही. हाच खर्डा टप्प्याटप्प्याने दुरुस्त करीत उपयोगी आराखडा कसा तयार होतो, ते या लेखात दाखवले आहे.

पहिली पायरी: विषयातली वस्तुस्थिती आधी, उद्दिष्टे नंतर

‘संकल्पना समजून घेणे’ हे संशोधनाचे उद्दिष्ट होऊ शकत नाही, कारण ते काम आराखडा लिहिण्यापूर्वी उरकायचे असते. भारतीय मानक ब्युरोच्या नियमांनुसार सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होण्यास १६ जून २०२१ पासून, पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत, सुरुवात झाली. आता हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: ब्युरोचे बोधचिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटच्या दागिन्यावर `22K916`, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने) आणि अंक-अक्षरांचा मिळून सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक, जो प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. १ एप्रिल २०२३ पासून हा सहा स्थानी क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. ग्राहकाने हा क्रमांक ब्युरोच्या `BIS CARE` या ॲपमध्ये `Verify HUID` येथे टाकला, की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि तो तपासणाऱ्या केंद्राची माहिती पडद्यावर येते.

ही माहिती आराखड्याच्या प्रस्तावनेत चार ओळींत येईलच, पण तिचा खरा उपयोग वेगळा आहे. ती वाचताना एक फट लक्षात येते. दुकानात हॉलमार्कचे नाव ऐकणे, दागिन्यावरची खूण ओळखणे आणि क्रमांक ॲपमध्ये टाकून पाहणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘जागरूकता’ हा एकच शब्द तिन्हींवर पांघरूण घालतो. आपल्याकडे अनेक घरांचा सराफ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो, आणि त्याच्या पेढीवर बसून भिंग मागणे हा अनेकांना अविश्वास दाखवल्यासारखा प्रकार वाटतो. संशोधनाचा प्रश्न इथे सापडतो: ठरलेल्या सराफाकडून दागिना घेणारा ग्राहक इतरांच्या तुलनेत पडताळणी कमी करतो का?

नियमांच्या वाचनातून आणखी एक गोष्ट हाती लागते. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत. तेव्हा चमकी किंवा लहान मुलीचे कानातले घेणाऱ्या ग्राहकाला ‘क्रमांक तपासला का’ असे विचारण्यात अर्थ नाही, कारण त्या दागिन्यावर क्रमांक नसूही शकतो. अभ्यासाची हद्द म्हणून ‘दोन ग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाचा २२ कॅरेटचा दागिना’ असे लिहिले, तर ते वाक्य नियमातून आलेले आहे हे परीक्षकाच्या लगेच ध्यानात येते.

दुसरी पायरी: क्रियापद बदला आणि तक्ता काढा

मराठी आराखड्यांत ‘अभ्यास करणे’ हे क्रियापद इतके रुळले आहे, की ते काहीच सांगत नाही हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. उद्दिष्टातील क्रियापदाने पद्धत ठरते. ‘प्रमाण मोजणे’ असे लिहिले तर मोजणीची व्याख्या आणि टक्केवारी लागते. ‘तुलना करणे’ किंवा ‘संबंध तपासणे’ असे लिहिले तर दोन गट, दोन चले आणि एखादी सांख्यिकीय चाचणी लागते. ‘कारणे नोंदवणे’ असे लिहिले तर मोकळे प्रश्न किंवा मुलाखती लागतात. ‘परिणाम अभ्यासणे’ हे तर सर्वांत महाग क्रियापद आहे, कारण परिणाम म्हटले की आधीची स्थिती, नंतरची स्थिती आणि मधल्या काळात दुसरे काही बदलले नाही याची खात्री, हे सगळे द्यावे लागते. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून परिणाम सिद्ध होत नाही. विद्यार्थ्याने हा शब्द पहिल्या खर्ड्यातूनच काढून टाकावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

क्रियापद बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. प्रत्येक उद्दिष्टासाठी कोऱ्या कागदावर अहवालात छापला जाईल तो तक्ता आधीच काढावा: रकान्यांची नावे लिहावीत, ओळींची नावे लिहावीत आणि आकड्यांच्या जागा रिकाम्या सोडाव्यात. ‘ग्राहकांच्या जागरूकतेचा अभ्यास करणे’ यासाठी तक्ता काढायला बसले, की हात थांबतो. ओळीत काय लिहायचे, रकान्यात काय लिहायचे, हे सुचत नाही, कारण उद्दिष्टातच ते ठरलेले नाही. उलट ‘ठरलेल्या सराफाकडून खरेदी आणि क्रमांकाची पडताळणी यांतील संबंध तपासणे’ असे लिहिले, तर दोन ओळी (ठरलेला सराफ, अन्य दुकान) आणि दोन रकाने (पडताळणी केली, केली नाही) आपोआप उभे राहतात. ज्याचा रिकामा तक्ता काढता येत नाही, ते उद्दिष्ट अजून लिहून झालेले नाही असे समजावे.

या रीतीने आपल्या खर्ड्याची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे होतात.

१. गेल्या बारा महिन्यांत पुणे शहरात दोन ग्रॅम किंवा अधिक वजनाचा २२ कॅरेटचा दागिना खरेदी केलेल्या ग्राहकांपैकी किती जणांना हॉलमार्कच्या तीनही खुणा ओळखता येतात, ते मोजणे.
२. अशी खरेदी केलेल्या ग्राहकांपैकी किती जणांनी शेवटच्या खरेदीच्या वेळी एचयूआयडी क्रमांकाची पडताळणी केली, ते मोजणे.
३. ठरलेल्या सराफाकडून खरेदी करणे आणि क्रमांकाची पडताळणी करणे यांतील संबंध तपासणे.
४. पडताळणी न करणाऱ्या ग्राहकांनी सांगितलेली कारणे नोंदवून त्यांचे वर्गीकरण करणे.

‘उपाययोजना सुचवणे’ हे उद्दिष्टांतून वगळले आहे. सूचना निष्कर्षांतून निघतात आणि त्यांची जागा अहवालाच्या शेवटी असते. त्यांच्यासाठी वेगळी माहिती गोळा केली जात नाही, म्हणून त्यांचा रिकामा तक्ताही काढता येत नाही. काही विभागांच्या छापील नमुन्यात हे उद्दिष्ट मागितलेले असते. तिथे ते शेवटी एका ओळीत लिहावे आणि वाद घालू नये.

तिसरी पायरी: परिकल्पना कोणत्या उद्दिष्टाला हवी

आधी शब्दांचा घोळ मिटवणे आवश्यक आहे, कारण मराठीत तो खराच आहे. वाणिज्य शाखेच्या अनेक प्रबंधांत परिकल्पनेलाच ‘गृहीतक’ म्हटलेले आढळते, तर शिक्षणशास्त्राच्या लेखनात ‘गृहीतक’ म्हणजे जे तपासायचे नाही, मानून चालायचे आहे ते. त्यामुळे ‘गृहीतके’ या मथळ्याखाली ‘उत्तरदाते प्रामाणिकपणे उत्तरे देतील’ असे वाक्य आणि शेजारीच ‘शिक्षणाचा आणि पडताळणीचा संबंध आहे’ असे वाक्य लिहिलेले दिसते. पहिले वाक्य मानलेले आहे, दुसरे तपासायचे आहे. आपल्या विभागात जो शब्द चालतो तोच वापरावा, पण ही दोन प्रकारची वाक्ये दोन वेगळ्या मथळ्यांखाली ठेवावीत. या लेखात तपासायच्या विधानाला ‘परिकल्पना’ म्हटले आहे.

प्रत्येक उद्दिष्टाला परिकल्पना असलीच पाहिजे, हा विद्यार्थ्यांमध्ये पसरलेला समज चुकीचा आहे. पहिले आणि दुसरे उद्दिष्ट मोजण्याचे आहे. त्यांचे उत्तर एक टक्केवारी आहे, आणि ती किती असेल याविषयी आधीच दावा करण्याचे कारण आपल्याकडे नाही. चौथे उद्दिष्ट लोकांच्या शब्दांतली कारणे ऐकण्याचे आहे; तिथे परिकल्पना मांडली तर आपण जे ऐकायचे ठरवले तेच ऐकू. परिकल्पना लागते ती फक्त तिसऱ्या उद्दिष्टाला.

मूळ खर्ड्यातली परिकल्पना, म्हणजे ‘जागरूकता कमी आहे’, का टिकत नाही हेही पाहू. कमी म्हणजे कशाच्या मानाने? मागच्या वर्षीच्या, दुसऱ्या शहराच्या, की संशोधकाच्या अपेक्षेच्या? ४० टक्के आकडा आला तर हे विधान खरे ठरेल की खोटे, हे दोन परीक्षक दोन प्रकारे सांगतील. परिकल्पना अशी असावी की कोणता आकडा आला तर ती पडेल, हे माहिती गोळा करण्यापूर्वीच सांगता यावे.

आपली परिकल्पना अशी लिहिता येते.

संशोधन परिकल्पना: ठरलेल्या सराफाकडून दागिना खरेदी करणाऱ्या ग्राहकांमध्ये एचयूआयडी क्रमांकाची पडताळणी करणाऱ्यांचे प्रमाण, अन्य दुकानातून खरेदी करणाऱ्यांमधील प्रमाणापेक्षा कमी आहे.
शून्य परिकल्पना: या दोन गटांतील पडताळणीच्या प्रमाणात फरक नाही.

चाचणी शून्य परिकल्पनेची होते. ती नाकारली गेली तर संशोधन परिकल्पनेला आधार मिळतो. ती नाकारली गेली नाही तर ‘फरक असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही’ असे लिहावे. ‘शून्य परिकल्पना सिद्ध झाली’ असे कधीही लिहू नये. परिकल्पनेखाली दोन-तीन वाक्यांत तिचे कारणही द्यावे: जिथे ओळखीचा विश्वास असतो, तिथे ग्राहकाला स्वतः तपासण्याची गरज कमी वाटते, अशी आपली अटकळ आहे. कारण दिले नाही, तर परिकल्पना हवेतून काढल्यासारखी दिसते.

चौथी पायरी: ‘पडताळणी’ म्हणजे काय, हे प्रश्नावलीच्या भाषेत ठरवा

आराखड्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे आणि प्रकल्प बिघडतात तेही बहुधा इथेच. परिकल्पनेत ‘पडताळणी’ आणि ‘ठरलेला सराफ’ हे दोन शब्द आहेत. दोन्हींची कार्यात्मक व्याख्या, म्हणजे आपण ते प्रत्यक्षात कसे मोजणार हे, आराखड्यातच लिहावे लागते.

पडताळणीची व्याख्या अशी करू: ‘शेवटच्या खरेदीच्या वेळी, पैसे देण्यापूर्वी, दागिन्यावरील सहा स्थानी क्रमांक ग्राहकाने स्वतः किंवा सोबतच्या व्यक्तीने ॲपमध्ये टाकून पाहिला.’ यात चार निर्णय आहेत. ‘शेवटच्या खरेदीच्या वेळी’ म्हटल्याने सवयीविषयीचे गोडगोड उत्तर टळते. ‘पैसे देण्यापूर्वी’ म्हटल्याने घरी गेल्यावर कुतूहलाने पाहणारे वेगळे राहतात. ‘सोबतची व्यक्ती’ घेतल्याने, मुलीने मोबाइलवर तपासून दिले अशा आईची गणना बरोबर होते. आणि ‘ॲपमध्ये टाकून’ म्हटल्याने नुसती खूण पाहणे यात मोडत नाही.

ठरलेल्या सराफाची व्याख्या अशी: ‘ज्या दुकानातून उत्तरदात्याच्या कुटुंबाने या खरेदीपूर्वी किमान तीन वेळा सोने घेतले आहे.’ तीनच का, याला निसर्गनियम नाही. दोन किंवा पाच घेतले तरी चालेल, पण आकडा आधी ठरवून लिहून ठेवावा आणि निकाल पाहून बदलू नये.

आता प्रश्नाचे शब्द. पहिल्या खर्ड्याच्या प्रश्नावलीत बहुधा असा प्रश्न असतो: ‘सोने खरेदी करताना तुम्ही हॉलमार्क तपासता का? नेहमी, कधी कधी, कधीच नाही.’ या प्रश्नाला ‘कधीच नाही’ म्हणायला धाडस लागते, कारण योग्य उत्तर कोणते हे प्रश्नच सांगून मोकळा होतो. त्याऐवजी प्रश्न क्रमाने विचारावेत:

‘तुमची सोन्याच्या दागिन्याची शेवटची खरेदी कोणत्या महिन्यात झाली? काय घेतले? अंदाजे किती ग्रॅमचे?’
‘दुकानात पैसे देण्यापूर्वी तुम्ही किंवा सोबतच्या व्यक्तीने पुढीलपैकी काय काय केले? बिल वाचले, वजन काट्यावर पाहिले, भिंगातून खुणा पाहिल्या, क्रमांक मोबाइलवर टाकून पाहिला, यांपैकी काही केले नाही.’
(क्रमांक टाकून पाहिला असे सांगणाऱ्यांनाच) ‘मोबाइलवर काय माहिती दिसली?’

तिसरा प्रश्न चाळणीचे काम करतो. ज्याने खरोखर तपासले आहे, तो दागिन्याचा प्रकार किंवा शुद्धता दिसल्याचे सांगतो. ज्याने तपासलेले नाही, तो ‘हो, बरोबर आहे असे आले’ एवढ्यावर थांबतो. अशी उत्तरे ‘केले नाही’ या गटात टाकायची की ‘अनिश्चित’ म्हणून बाजूला ठेवायची, हेही आधी ठरवावे.

पहिल्या उद्दिष्टासाठी ‘तुम्हाला हॉलमार्कची माहिती आहे का’ असे विचारून पाच-बिंदू मापनश्रेणी देण्याचा मोह होतो. तीतून मिळते ती स्वतःविषयीची समजूत. त्यापेक्षा तीन खुणांचे मोठे केलेले चित्र आणि त्यांत मिसळलेल्या दोन असंबद्ध खुणा असे कार्ड छापावे आणि ‘यांतील कोणत्या खुणा दागिन्यावर असायला हव्यात’ असे विचारावे. तिन्ही बरोबर ओळखल्या आणि चुकीची एकही निवडली नाही, तरच ‘ओळख आहे’ असे नोंदवावे.

पाचवी पायरी: कोणाला विचारायचे आणि किती जणांना

गेल्या वर्षी सोने घेतलेल्या पुणेकरांची यादी कुठेही मिळत नाही, त्यामुळे यादृच्छिक नमुना घेता येणार नाही. ‘यादृच्छिक नमुना पद्धती’ असे लिहून मोकळे होणाऱ्यांना तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येतो. गुगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तर उत्तरे वीस-बावीस वर्षांच्या मुलांची येतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी दागिना स्वतः विकत घेतलेला नसतो. लक्ष्मी रस्त्यावर सराफी दुकानांबाहेर उभे राहून विचारणे शक्य आहे, पण दागिने घेऊन बाहेर पडलेला माणूस अनोळखी व्यक्तीला वजन आणि महिना सांगायला तयार नसतो, आणि ते समजण्यासारखे आहे. व्यवहार्य मार्ग असा: शहराच्या तीन-चार वेगळ्या भागांतील गृहनिर्माण संस्थांत पदाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन घरोघरी जावे, आधी ‘गेल्या बारा महिन्यांत दागिना घेतला का’ हा पात्रतेचा प्रश्न विचारावा आणि मग दोन गटांचे ठरलेले कोटे भरावेत. हा कोटा नमुना आहे असे स्पष्ट लिहावे. निष्कर्षातही ‘पुण्यातील ग्राहक’ असे न लिहिता ‘या नमुन्यातील ग्राहक’ असे लिहावे.

कोट्याचा एक परिणाम ध्यानात ठेवावा. दोन्ही गट आपण सारखे घेणार असल्याने, सगळ्यांची मिळून निघणारी टक्केवारी शहरातल्या प्रमाणाचा अंदाज म्हणून वापरता येत नाही. म्हणून पहिल्या दोन उद्दिष्टांची टक्केवारी प्रत्येक गटाची वेगळी द्यावी.

किती जण हवेत? ‘१००’ हा आकडा गोल आहे, एवढेच त्याचे समर्थन असते. तिसऱ्या उद्दिष्टात दोन प्रमाणांची तुलना आहे, म्हणून आकडा त्यातूनच काढावा. समजा, एका गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के लोक पडताळणी करीत असतील, तर तो फरक ५ टक्के सार्थकता स्तरावर पकडण्याची ८० टक्के शक्यता आपल्याला हवी आहे. त्यासाठी प्रत्येक गटातील संख्या अशी निघते:

```
n = (1.96 + 0.84)² × [p1(1 − p1) + p2(1 − p2)] ÷ (p1 − p2)²
  = 7.84 × (0.24 + 0.16) ÷ 0.04
  = 78.4
```

म्हणजे प्रत्येक गटात सुमारे ८०, एकूण १६०. फरक २० ऐवजी १० टक्क्यांचा पकडायचा असेल, तर हीच संख्या कितीतरी वाढते आणि एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जाते. तेव्हा ‘या अभ्यासातून मोठा फरकच दिसू शकेल’ असे मर्यादांमध्ये आधीच लिहून ठेवावे.

सहावी पायरी: चाचणी एकदा कागदावर करून पाहा

आराखडा देण्यापूर्वी रिकाम्या तक्त्यात काल्पनिक आकडे भरून चाचणी स्वतः करून पाहावी. पुढील आकडे केवळ सरावासाठी घेतलेले आहेत. समजा, ठरलेल्या सराफाकडे जाणाऱ्या ८० जणांपैकी १८ जणांनी पडताळणी केली आणि ६२ जणांनी केली नाही. अन्य दुकानांत जाणाऱ्या ८० जणांपैकी ३१ जणांनी केली आणि ४९ जणांनी केली नाही. एकूण पडताळणी करणारे ४९ आणि न करणारे १११.

दोन्ही गटांत फरक नसता, तर प्रत्येक गटात ४९ चा निम्मा, म्हणजे २४.५ जण पडताळणी करणारे आणि ५५.५ जण न करणारे अपेक्षित होते. प्रत्येक चौकटीत निरीक्षण आणि अपेक्षा यांत ६.५ चा फरक आहे. काय-स्क्वेअरचे मूल्य असे येते:

```
χ² = 2 × (6.5² ÷ 24.5) + 2 × (6.5² ÷ 55.5)
   = 3.45 + 1.52
   = 4.97
```

दोन बाय दोनच्या तक्त्यात स्वातंत्र्याची मात्रा १ असते आणि ५ टक्के स्तरावर कोष्टकातील मूल्य ३.८४ आहे. ४.९७ त्याहून मोठे आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारली जाते. मात्र काय-स्क्वेअर फरकाची दिशा सांगत नाही. दिशा पाहण्यासाठी टक्केवारीकडे परत यावे लागते: एका गटात २२.५ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ३९ टक्के. आपली परिकल्पना ‘कमी आहे’ अशी होती, आणि आकडे त्याच बाजूला आहेत. उलट दिशेने तेवढाच फरक आला असता, तरी चाचणीचे मूल्य ४.९७ च आले असते. हे न पाहता ‘परिकल्पना मान्य’ लिहिणारे अहवाल मी वाचलेले आहेत.

यापुढचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ठरलेल्या सराफाकडे जाणारे लोक सरासरीने वयाने मोठे असतील आणि मोठ्या वयाचे लोक ॲप कमी वापरत असतील, तर दिसणारा फरक विश्वासाचा नसून वयाचा असू शकतो. म्हणून प्रश्नावलीत वय विचारावे आणि हाच तक्ता चाळिशीच्या आतले व पुढचे असा दोनदा काढावा. दोन्ही तक्त्यांत फरक त्याच दिशेने दिसला, तर वयाचा आक्षेप सौम्य होतो. एकातही दिसला नाही, तर निष्कर्ष बदलावा लागतो. विभागणी केल्यावर प्रत्येक तक्त्यात माणसे कमी उरतात, त्यामुळे तिथे चाचणीपेक्षा टक्केवारीच बोलू द्यावी. आणि काहीही झाले, तरी ‘विश्वासामुळे पडताळणी होत नाही’ असे लिहू नये. ‘संबंध आढळला’ एवढेच या पद्धतीतून म्हणता येते. तिसऱ्या उद्दिष्टात ‘संबंध तपासणे’ असे लिहिले होते, ते याचसाठी.

सातवी पायरी: पूर्वचाचणी आणि जुळणीचा तक्ता

मुख्य पाहणीआधी पंधरा-वीस जणांवर प्रश्नावलीची पूर्वचाचणी घ्यावी. या विषयात एक धोका उघड आहे: ॲपमध्ये क्रमांक टाकणारा एकही माणूस भेटणार नाही. मुख्य नमुन्यात तसे झाले, तर अपेक्षित संख्या ५ च्या खाली जाते आणि काय-स्क्वेअर चाचणी वापरता येत नाही. मोजके का होईना लोक असतील, तर फिशरची अचूक चाचणी हा पर्याय आहे. पण जवळजवळ कोणीच पडताळणी करीत नसेल, तर तुलना करण्याजोगे काही उरतच नाही. म्हणून आराखड्यात आधीच लिहून ठेवावे: ‘पूर्वचाचणीत क्रमांकाची पडताळणी करणारे दोनपेक्षा कमी आढळल्यास, परिकल्पनेतील चल “भिंगातून खुणा पाहणे” असे घेतले जाईल.’ हा बदल मुख्य माहिती येण्यापूर्वीचा आणि आधी जाहीर केलेला असल्याने त्यात गैर काही नाही. माहिती हाती आल्यावर जुळणारी परिकल्पना लिहिणे ही मात्र लबाडी आहे. पूर्वचाचणीतील व्यक्ती मुख्य नमुन्यात धरू नयेत.

शेवटी, आराखड्यात पद्धतीच्या प्रकरणाला लागून पुढीलप्रमाणे जुळणीचा तक्ता द्यावा.

| उद्दिष्ट | परिकल्पना | साधन | विश्लेषण |
|---|---|---|---|
| १. खुणांची ओळख | नाही | चित्रकार्ड | गटवार टक्केवारी |
| २. पडताळणीचे प्रमाण | नाही | शेवटच्या खरेदीविषयीचे प्रश्न व चाळणी प्रश्न | गटवार टक्केवारी |
| ३. सराफ आणि पडताळणी | आहे | वरील प्रश्न, आधीच्या खरेदींची संख्या, वय | काय-स्क्वेअर, वयानुसार विभागलेले तक्ते |
| ४. पडताळणी न करण्याची कारणे | नाही | मोकळा प्रश्न, दहा-बारा सविस्तर मुलाखती | उत्तरांचे विषयवार वर्गीकरण |

हा तक्ता दोन्ही बाजूंनी वाचावा. डावीकडून उजवीकडे वाचताना एखाद्या उद्दिष्टासमोर साधनाचा रकाना रिकामा दिसला, तर ते उद्दिष्ट काढावे किंवा प्रश्न वाढवावा. उजवीकडून डावीकडे, म्हणजे प्रश्नावलीतला एकेक प्रश्न घेऊन वाचताना, ज्याला कोणतेही उद्दिष्ट सापडत नाही तो प्रश्न गाळावा. वार्षिक उत्पन्न, वैवाहिक स्थिती आणि कुटुंबातील सदस्यसंख्या हे तीन प्रश्न बहुतेक प्रश्नावल्यांत केवळ प्रथेने येतात आणि आपल्या तक्त्यात त्यांना जागा नाही. शिवाय सोन्याविषयी बोलताना उत्पन्न विचारले, की उत्तरदाता तिथेच दार लावून घेतो.

एवढे झाल्यावर शीर्षकाकडे परत यावे, कारण ते अजून पहिल्या खर्ड्यातलेच आहे. ‘सोने खरेदीविषयक जागरूकतेचा अभ्यास’ यातले काहीही आता या आराखड्यात उरलेले नाही. नवे शीर्षक तिसऱ्या उद्दिष्टातूनच मिळते: ‘ठरलेल्या सराफाकडील खरेदी आणि एचयूआयडी क्रमांकाची ग्राहकांकडून होणारी पडताळणी: पुणे शहरातील निवडक ग्राहकांची पाहणी’.